कँडलचा रंग कालच्या भावाशी जुळवू नका

शेअरच्या चार्टवर दिवसाचे भाव दाखवणारी कँडल वाचायची आहे. ओपन, हाय, लो, क्लोज हे चार शब्द माहीत आहेत असं धरून चालतो. नवा माणूस अडकतो तो रंगात, आणि तिथे पैसे जातात.

कँडल हिरवी की लाल, हे त्याच दिवसाच्या ओपन आणि क्लोजवर ठरतं. कालच्या क्लोजचा त्यात काही संबंध नाही. वॉचलिस्टमधला हिरवा-लाल आकडा मात्र कालच्या क्लोजवरून निघतो. एकाच स्क्रीनवर दोन वेगळे हिशेब असतात आणि दोघांचे रंग तेच.

एक कल्पित शेअर घ्या. काल क्लोज ५०० रुपये. आज ओपन ५२०, हाय ५२६, लो ५०७, क्लोज ५११. वॉचलिस्ट म्हणेल ११ रुपये वर, म्हणजे २.२ टक्के, हिरवा. कँडल लाल. दोन्ही बरोबर आहे. काल ज्याच्याकडे शेअर होता तो फायद्यात आहे, पण सकाळी ५२० ला घेतलेला माणूस संध्याकाळी ९ रुपयांनी खाली आहे. लाल बॉडी, म्हणजे ओपन ते क्लोजमधला जाड भाग, या दुसऱ्या माणसाबद्दल सांगते.

हे ५२० येतात कुठून? एनएसईवर सकाळी ९ वाजता प्री-ओपन सुरू होतं. पहिल्या साधारण आठ मिनिटांत ऑर्डरी गोळा होतात आणि ज्या भावाला जास्तीत जास्त शेअर जुळतात तो ओपन ठरतो. सलग सौदे सव्वानऊला सुरू होतात. म्हणजे कालच्या ५०० वरून ५२० वर झालेली उडी रात्रभरातली बातमी आणि त्या ऑर्डरींमुळे आली. तो २० रुपयांचा गॅप बॉडीत दिसतच नाही.

आता मोजा. पूर्ण पल्ला ५२६ वजा ५०७, म्हणजे १९ रुपये. बॉडी ९. बॉडीबाहेरची बारीक रेघ म्हणजे विक, वरची ६, खालची ४. क्लोज तळापासून फक्त ४ रुपये वर आहे, १९ पैकी ४. वरच्या भावाला विकणारे भेटले आणि दिवस संपताना त्यांचाच जोर होता. तरीही लो ५०७ वर थांबला, ५०० पर्यंत आला नाही, म्हणजे गॅप भरला नाही. नुसतं ‘लाल आहे, विका’ म्हणणारा हे अर्धं चित्र बघतो.

रंग उलटसुलट वाटले तर आधी सेटिंग तपासा. ट्रेडिंगव्ह्यूमध्ये `Color bars based on previous close` हा पर्याय चालू असेल तर रंग कालच्या क्लोजवरून येतो. तो बंद ठेवा. दुसऱ्याच्या मोबाइलवर वेगळा रंग दिसला म्हणून घाबरू नका, चार आकडे तेच असतात.

दुसरी मर्यादा जास्त महागात पडते. चार आकडे क्रम सांगत नाहीत. भाव आधी ५२६ ला गेला की आधी ५०७ ला, हे दिवसाच्या कँडलमधून कळणार नाही. समजा ५२० ला खरेदी, ५२५ चं टार्गेट आणि ५१० चा स्टॉपलॉस. दोन्ही भाव पल्ल्याच्या आत आहेत, मग ५ रुपये मिळाले की १० गेले? जुन्या डेली चार्टवर बोट ठेवून ‘बघा, टार्गेट आलं असतं’ असं शिकवणाऱ्याला हा एक प्रश्न विचारा. त्याने १५ मिनिटांचा चार्ट उघडला तर शिकवणारा कामाचा आहे. सव्वानऊ ते साडेतीनमध्ये असे २५ कँडल बसतात, क्रम तिथे सापडतो. चाळीस नावांचे पॅटर्न पाठ करून घेणाऱ्या पोस्टरपेक्षा हे २५ कँडल बघण्यात अर्धा तास घालवणं मला कधीही बरं वाटतं.

आणि सकाळी दहाला ठाणे-दादर लोकलमध्ये मोबाइलवर दिसणारी दिवसाची कँडल अपुरी असते. तेव्हा क्लोजच्या जागी फक्त शेवटच्या सौद्याचा भाव असतो. खाली लांब विक दिसली म्हणून तिला ‘हॅमर’ या पॅटर्नचं नाव देऊ नका, दुपारपर्यंत तीच विक बॉडीत बदलू शकते. बाजार बंद झाल्यावरही शेवटचा सौदा ५१३ ला आणि क्लोज ५११, असा फरक राहू शकतो, कारण एनएसईवर वर्षानुवर्षं क्लोज हा शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची व्हॉल्यूमप्रमाणे काढलेली सरासरी राहिला आहे. ॲप चुकलं असं वाटायचं कारण नाही. संध्याकाळी एक्स्चेंजच्या साइटवरून भावकॉपी, म्हणजे त्या दिवसाच्या भावांची फाइल, उतरवा. तिच्यात क्लोज आणि शेवटचा भाव वेगवेगळ्या रकान्यांत असतात, शेजारी कालचा क्लोजही मिळतो. सुरुवातीला एकच शेअर धरा आणि रोज हे आकडे वहीत उतरवून बॉडी, दोन्ही विक आणि गॅप हाताने काढा. चार्ट त्यानंतर उघडा.