डोपामिनच्या ड्रिपचं गणित: ०.३७५चं कोडं सुटलं

परळच्या होस्टेलवर हँडआउट घेऊन बसले होते. पेशंट ६० किलो, डोपामिन ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, २५० मिलीच्या बाटलीत औषध २०० मिलिग्रॅम. मिनिटाला किती थेंब सोडायचे, हा प्रश्न. मागे छापलेलं उत्तर २२ ते २३ थेंब, माझं मात्र ०.३७५. रूममेट म्हणाली, "अगं, पण कशाचे ०.३७५?"

मग प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहीत पुन्हा मांडलं. ५ × ६० म्हणजे ३०० मायक्रोग्रॅम प्रति मिनिट. बाटलीत मिलिग्रॅम आहेत, म्हणून आधी २०० × १००० = २,००,००० मायक्रोग्रॅम; भागिले २५० मिली, म्हणजे ८०० मायक्रोग्रॅम प्रति मिली. आता ३०० भागिले ८०० केलं की मायक्रोग्रॅम कटतात आणि ०.३७५ मिली प्रति मिनिट उरतात. थेंब अजून आलेलेच नाहीत! मायक्रोड्रिप सेटमध्ये १ मिलीचे ६० थेंब, म्हणून २२.५ थेंब प्रति मिनिट.

तासाला मिलीही २२.५च, कारण तासाची मिनिटंही ६०च. (हँडआउटमध्ये हे लिहायला काय झालं होतं?) २० थेंबांच्या साध्या सेटवर मात्र हेच ७.५ थेंब होतात आणि इतका मंद वेग क्लॅम्पने नीट राखता येत नाही. वॉर्डात पंप असला तर २२.५ मिली प्रति तास भरायचं, तेही दुसऱ्या सिस्टरने स्वतंत्र मांडून तपासल्यावर.