रशियनमध्ये ‘जंगलात’, ‘पुलावर’, ‘गेल्या वर्षी’ कसं म्हणावं: व, ना आणि शेवटचा ऊ

रशियन शिकताना पहिल्या काही आठवड्यांतच एक नियम हाती येतो: ‘आत’साठी ‘व’, ‘वर’साठी ‘ना’, आणि पुढच्या नामाच्या शेवटी ‘ये’. शाळा म्हणजे श्कोला, शाळेत म्हणजे व श्कोल्ये. टेबल म्हणजे स्तोल, टेबलावर म्हणजे ना स्तोल्ये. मग एक दिवस जंगल येतं. ल्येस, म्हणून ‘व ल्येस्ये’ असं आपण म्हणतो आणि समोरचा रशियन माणूस हळूच दुरुस्त करतो: व ल्येसू. हा ऊ कुठून आला, कोणत्या शब्दांना लागतो आणि तो वेळेवर तोंडात कसा यावा, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी लिखाणाबद्दल थोडं. इथले रशियन शब्द मी त्यांच्या स्पेलिंगबरहुकूम देवनागरीत लिहिले आहेत. शब्दाच्या शेवटी दीर्घ ‘ऊ’ दिसला तर आघात त्याच्यावर आहे असं समजा, आणि ऱ्हस्व ‘उ’ दिसला तर आघात शब्दात आधी कुठेतरी आहे. रशियनमध्ये आघाताचा स्वर खरोखरच किंचित लांबतो, त्यामुळे ही सोय कानालाही पटते.

पहिला टप्पा: ‘कुठे’चे दोन अर्थ वेगळे करा

मराठी माणसाची चूक बहुतेक वेळा इथेच होते, ऊ नंतर येतो. आपण ‘मुलगी शाळेत आहे’ म्हणतो आणि ‘मुलगी शाळेत गेली’ असंही म्हणतो. दोन्हीकडे ‘शाळेत’. प्रश्नही एकच: कुठे आहेस, कुठे चाललास. रशियनमध्ये हे दोन प्रश्न वेगळे आहेत. वस्तू किंवा माणूस एका जागी असेल तर प्रश्न ‘ग्द्ये’, आणि कुठेतरी जात असेल तर ‘कुदा’. ‘व’ आणि ‘ना’ दोन्ही प्रश्नांच्या उत्तरात येतात, पण पुढच्या नामाची विभक्ती बदलते. ‘ग्द्ये’ असेल तर सहावी विभक्ती, जी आपल्या सप्तमीचं काम करते: व श्कोल्ये. ‘कुदा’ असेल तर द्वितीया: व श्कोलु.

म्हणून वाक्य जुळवण्याआधी क्रियापदाकडे पाहा. असणं, राहणं, बसणं, काम करणं असेल तर सहावी. जाणं, ठेवणं, टाकणं असेल तर द्वितीया. पुस्तक कपाटात आहे: व श्काफू. पुस्तक कपाटात ठेवतो: व श्काफ, शेवटी काहीच नाही. निर्जीव पुल्लिंगी नामाची द्वितीया प्रथमेसारखीच असते, त्यामुळे हालचाल असली की आपल्या ऊचा प्रश्न उरतच नाही.

दुसरा टप्पा: नेहमीचे शेवट पक्के करा

इथे फार वेळ घालवायला नको. पुल्लिंगी, नपुंसकलिंगी आणि ‘आ’कारान्त स्त्रीलिंगी नामांना ‘ये’: मॉस्कोत म्हणजे व मोस्क्व्ये, पुण्यात म्हणजे व पून्ये. ज्या नामांच्या शेवटी ‘इया’, ‘इये’ किंवा ‘इय’ असतं त्यांना ‘इई’: भारतात म्हणजे व इन्दिई. मृदुचिन्हावर संपणाऱ्या स्त्रीलिंगी नामांना ‘इ’. मुंबई आणि गोवा मात्र रशियनमध्ये अजिबात बदलत नाहीत.

‘व’ की ‘ना’ हे मराठीच्या ‘त’ आणि ‘वर’ यांवरून ठरवू नका. स्टेशनवर आणि ना वोक्झाल्ये जुळतात. पण आपण पोस्टात जातो, रशियन माणूस पोस्टा‘वर’ असतो: ना पोच्त्ये. आपण कारखान्यात काम करतो, तो कारखान्या‘वर’ करतो: ना झावोद्ये. उलट आपण विमानतळावर थांबतो आणि तो विमानतळा‘त’: व आएरोपोर्तू. नाम पाठ करताना त्याच्या आधीचा ‘व’ किंवा ‘ना’ सोबतच पाठ करावा.

तिसरा टप्पा: ऊ घेणारे शब्द ओळखा

हा ऊ उपटसुंभ नाही. जुन्या स्लाव भाषेत उकारान्त पुल्लिंगी नामांचा एक छोटा गट होता आणि त्या गटाच्या सप्तमीचा शेवट ‘उ’ असाच होता. पुढे तो गट मोठ्या गटात विरून गेला, पण हा शेवट टिकला आणि मूळच्या उकारान्त नसलेल्या शब्दांनाही चिकटला. तो राहिला तो बहुतेक लहान, एकाक्षरी, रोजच्या वापरातल्या आणि जागा दाखवणाऱ्या शब्दांवर. त्यामुळे आज एकच पक्का नियम सांगता येत नाही. काही खुणा मात्र नीट सांगता येतात.

पहिली खूण: नाम पुल्लिंगी असतं आणि बहुधा एका अक्षराचं. दुसरी: बहुतेक शब्दांत एकवचनात इतरत्र आघात मूळ शब्दावर असतो आणि फक्त इथे तो शेवटावर उडी मारतो. तिसरी आणि सगळ्यात भरवशाची: आधी ‘व’ किंवा ‘ना’ असतो आणि अर्थ जागेचा किंवा वेळेचा असतो. ‘विषयी’ या अर्थाचा ‘ओ’ आला की ऊ गायब होतो. जंगलात म्हणजे व ल्येसू, पण जंगलाविषयी म्हणजे ओ ल्येस्ये. बागेत व सादू, बागेविषयी ओ साद्ये. चांगल्या शब्दकोशात अशा नामापुढे हे दोन्ही नमुने शेजारी शेजारी दिलेले असतात. शंका आली की तिथेच पाहावं.

पाठ करायला मी जागेनुसार गट सुचवेन. घर: ना पोलू (जमिनीवर), व उग्लू (कोपऱ्यात), व श्काफू (कपाटात). बाहेर: व ल्येसू, व सादू, ना ब्येरेगू (काठावर), ना मोस्तू (पुलावर), व पोर्तू (बंदरात), व स्नेगू (बर्फात). शरीर: वो र्तू (तोंडात), ना ल्बू (कपाळावर), व नोसू (नाकात). वेळ: व गोदू (वर्षी) आणि ‘किती वाजता’ विचारताना व कोतोरोम चासू. एवढ्यावर रोजचं बरंच बोलणं निभावतं.

खुणा फसवतातही. घर म्हणजे दोम, एकाक्षरी आणि पुल्लिंगी, तरी घरात म्हणजे व दोम्ये. ‘ना दोमू’ हे रूप आहे, पण त्याचा अर्थ ‘घरबसल्या’, म्हणजे घरून केलेलं काम. शहर म्हणजे गोरोद, तेही व गोरोद्ये.

चौथा टप्पा: आघात हलवा, बाकीचे आवाज आपोआप बदलतील

नुसता ऊ लावून भागत नाही. आघात जुन्या जागीच ठेवला तर वेगळीच विभक्ती ऐकू येते. ‘जंगलाकडे’ म्हणजे क ल्येसु, आघात ‘ल्ये’वर. ‘जंगलात’ म्हणजे व ल्येसू, आघात शेवटी. लिहिताना ल्येसु आणि ल्येसू यांची अक्षरं एकच, फरक फक्त आघाताचा. काठाकडे क ब्येरेगु आणि काठावर ना ब्येरेगू यांचंही तसंच.

आघात सरकला की शब्दाचा चेहराच बदलतो. ‘वर्ष’ हा शब्द एकटा उच्चारला तर शेवटचा ‘द’ कठोर होऊन ‘गोत’ ऐकू येतो. ‘व गोदू’मध्ये तो ‘द’ परत येतो. आघात गमावलेला ‘ओ’ ‘अ’कडे झुकतो आणि ‘व’ पुढच्या शब्दाला चिकटतो. कानावर पडतं ते ‘वगदू’. बाग एकटी ‘सात’ अशी ऐकू येते आणि ‘बागेत’ साधारण ‘फ्सदू’ अशी, कारण कठोर ‘स’च्या आधी ‘व’चा ‘फ’ होतो. पूल ‘मोस्त’, पुलावर ‘नमस्तू’. ‘नमस्तू’ ऐकून तुम्हाला पूल आठवला नाही तर त्यात नवल नाही. म्हणून हे शब्द एकेकटे पाठ न करता ‘वगदू’, ‘फ्सदू’, ‘नमस्तू’ असे अख्खे म्हणावेत, एकाच श्वासात, शेवटावर जोर देऊन.

एक उदाहरण सोडवू

“गेल्या वर्षी आम्ही रोस्तोवमध्ये जुन्या घरात राहत होतो. संध्याकाळी बागेत बसायचो आणि मग नदीकाठी जायचो.”

‘गेल्या वर्षी’: वेळ आहे, वर्ष यादीतलं आहे, म्हणून व प्रोश्लोम गोदू. विशेषणाला नेहमीचाच ‘ओम’ लागतो, ऊ फक्त नामाला.

‘रोस्तोवमध्ये’: शहराचं पूर्ण नाव रोस्तोव-ना-दोनू, म्हणजे दोन नावाच्या नदीवरचं रोस्तोव. नावातच आपला ऊ बसलेला आहे. रोस्तोव चालतं, दोनू जागचा हलत नाही: व रोस्तोव्ये-ना-दोनू.

‘जुन्या घरात’: राहणं म्हणजे ‘ग्द्ये’. पण दोम यादीबाहेरचा, म्हणून व स्तारोम दोम्ये.

‘बागेत’: बसणं, पुन्हा ‘ग्द्ये’: व सादू.

‘नदीकाठी जायचो’: इथे थांबा. मराठीत ‘काठी’ ऐकून हात ऊकडे जातो, पण क्रियापद जाण्याचं आहे. प्रश्न ‘कुदा’, विभक्ती द्वितीया: ना ब्येरेग. काठावर पोचून बसलो की मग ना ब्येरेगू.

जिथे दोन्ही रूपं चालतात

काही शब्द ‘ये’ आणि ऊ दोन्ही घेतात आणि अर्थ बदलतो. ‘क्राय’ म्हणजे कड. टेबलाच्या कडेवर असेल तर ना क्रायू, पण याच शब्दाचा दुसरा अर्थ प्रांत, आणि क्रास्नोदार प्रांतात म्हणायचं असेल तर व क्रास्नोदार्स्कोम क्राये. ‘र्याद’ म्हणजे रांग. रांगेत बसलो तर व र्यादू, पण ‘अनेक बाबतींत’ अशा अर्थी व र्याद्ये. जागा डोळ्यांसमोर दिसत असेल तिथे ऊ, अर्थ अमूर्त किंवा कागदोपत्री झाला की ‘ये’, असा कल दिसतो.

याचं सगळ्यात लखलखीत उदाहरण चेखॉवच्या 1904 साली रंगभूमीवर आलेल्या ‘चेरीची बाग’ या नाटकाचं आहे. खऱ्या चेरीच्या बागेत कोणी फिरत असेल तर व विश्न्योवोम सादू. पण एखादी नटी त्या नाटकात काम करत असेल तर व विश्न्योवोम साद्ये.

सुट्टीसाठीचा ‘ओत्पुस्क’ हा शब्द लेखी आणि औपचारिक भाषेत व ओत्पुस्क्ये असा येतो, बोलताना व ओत्पुस्कू असाही ऐकू येतो. परीक्षेत पहिलं रूप लिहा. मित्राच्या तोंडी दुसरं आलं तर त्याला चूक ठरवू नका.