पेरोलला व्हीपीएफबद्दल विचारताना: नेमकं काय लिहावं आणि उत्तर कसं तपासावं

एप्रिल उजाडला की हिंजवडीपासून खराडीपर्यंत सगळ्या कंपन्यांच्या पेरोलकडे एकाच छापाच्या मेल येऊ लागतात. "मला पीएफ वाढवायचा आहे, काय करावं लागेल?" एवढंच लिहिलेलं असतं. पेरोलमध्ये काम करते म्हणून सांगते, या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. पीएफ वाढवण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत आणि त्यांचा हातात पडणाऱ्या पगारावर होणारा परिणाम अगदी निराळा असतो. पुन्हा टक्के कशावर धरायचे, ही भानगड उरतेच. म्हणून मेल लिहिण्याआधी दहा मिनिटं खर्च करा, म्हणजे पुढची महिनाभराची लिहापुसी वाचेल.

आधी पेस्लिप उघडा

बेसिक आणि महागाई भत्ता मिळून किती होतात ते पाहा. खासगी कंपन्यांत बहुधा महागाई भत्ता नसतोच, मग नुसतं बेसिक घ्या. त्याखाली कपातींमध्ये पीएफची रक्कम असेल. ती बेसिकच्या 12 टक्के असेल तर तुमचा पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जातो. बेसिक कितीही असो, कपात मात्र बरोबर 1,800 असेल, तर कंपनी 15,000 रुपयांच्या वेतनमर्यादेवर पीएफ कापते. ही मर्यादा सप्टेंबर 2014 पासून आहे आणि 15,000 चे 12 टक्के म्हणजे 1,800.

ज्यांचा पीएफ 1,800 वर अडकलेला आहे त्यांनी इथे थोडं थांबावं. समजा बेसिक 40,000 आहे. पूर्ण बेसिकवर पीएफ घेतला तर तुमचा हिस्सा 1,800 वरून 4,800 होतो, आणि कंपनीचाही तेवढाच होतो. ऐकायला छान वाटतं. पण पुण्यातल्या बहुतेक कंपन्यांत कंपनीचा हिस्सा तुमच्या सीटीसीतच धरलेला असतो. वाढलेले ते 3,000 तुमच्या स्पेशल अलाउन्समधून निघतात. म्हणजे हातात येणारा पगार करापूर्वी 3,000 ने नाही, 6,000 ने कमी होतो. त्यातल्या कंपनीच्या 3,000 वर कर लागत नाही, अगदी नव्या करप्रणालीतही, त्यामुळे हा मार्ग वाईट नाही. फक्त एकदा पूर्ण बेसिकवर गेलेला पीएफ पुन्हा 1,800 वर आणणं सोपं नसतं.

व्हीपीएफ म्हणजे दुसरा मार्ग. यात तुम्ही स्वतःच्या पगारातून जास्तीची रक्कम त्याच पीएफ खात्यात टाकता. कंपनीवर त्यात भर घालायचं बंधन नाही, आणि पेन्शनमध्ये एक रुपयाही वाढत नाही. व्याज मात्र पीएफचंच मिळतं, 2024-25 साठी ते 8.25 टक्के होतं. बेसिक आणि महागाई भत्त्याच्या 100 टक्क्यांपर्यंत व्हीपीएफ ठेवता येतो. पैसे काढण्याचे नियमही पीएफचेच. व्हीपीएफला वेगळी चावी नाही. दोन वर्षांनी वाकडला फ्लॅटचं बुकिंग करायचं असेल आणि त्यासाठी हाताशी रक्कम हवी असेल, तर हे आधी लक्षात घ्या.

रक्कम ठरवा, आणि ती ठरवताना इन्क्रिमेंट विसरू नका

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे. दोन मर्यादा आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिली 1.5 लाखांची, म्हणजे 80सी ची. ती फक्त जुन्या करप्रणालीत आहे. तुमचा पीएफ, व्हीपीएफ, विम्याचे हप्ते, मुलांची शाळेची फी, गृहकर्जाची मुद्दल हे सगळं मिळून 1.5 लाख. नव्या करप्रणालीत असाल तर व्हीपीएफवर वजावट मिळणारच नाही. तिथे फायदा उरतो तो फक्त करमुक्त व्याजाचा.

दुसरी मर्यादा 2.5 लाखांची, एप्रिल 2021 पासूनची. एका आर्थिक वर्षात तुमच्या स्वतःच्या हिश्श्यातून पीएफ आणि व्हीपीएफ मिळून 2.5 लाखांच्या वर रक्कम गेली, तर वरच्या रकमेवरचं व्याज करपात्र होतं. कंपनीचा हिस्सा या 2.5 लाखांत मोजत नाहीत.

आता तेच 40,000 बेसिक घेऊ, पीएफ पूर्ण बेसिकवर आहे असं धरून. महिना 4,800 प्रमाणे वर्षाचे 57,600 होतात. 2.5 लाखांतून ते वजा केले की 1,92,400 उरतात, महिन्याला साधारण 16,000. कॅल्क्युलेटरवर हे बसलं की लोक उत्साहानं लिहितात, "माझा व्हीपीएफ 40 टक्के करा." वर्षाची बेरीज 2,49,600. अगदी काठोकाठ.

जुलैत इन्क्रिमेंट लागतं आणि बेसिक 44,000 होतं. व्हीपीएफ टक्क्यांत असल्यामुळे तोही आपोआप 17,600 वर जातो. पहिल्या तीन महिन्यांचे 62,400 आणि पुढच्या नऊ महिन्यांचे 2,05,920 मिळून 2,68,320 होतात. मर्यादेच्या वर 18,320.

बरं, टक्क्यांऐवजी सरळ 16,000 ची ठरावीक रक्कम लिहिली असती तर? तरीही बेरीज 2,53,920 झाली असती, कारण इन्क्रिमेंटनंतर तुमचा नेहमीचा 12 टक्के पीएफ वाढतोच. 15,500 लिहिले असते तर मात्र 2,47,920 वर गाडी थांबली असती. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मर्यादेच्या आत राहायचं असेल तर ठरावीक रक्कम मागा, आणि ती अपेक्षित वाढ धरून थोडी कमीच मागा. आपल्या कंपनीची सिस्टीम फक्त टक्केच घेत असेल, तर टक्का कमी ठेवा.

आणि मर्यादा ओलांडली म्हणून आभाळ कोसळत नाही. वरच्या 18,320 वर पुढच्या पूर्ण वर्षाचं व्याज 8.25 टक्क्यांनी सुमारे 1,511 रुपये. 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये उपकर धरून त्यावर साधारण 471 रुपये कर लागेल. त्रास रकमेचा नाही. ही वरची रक्कम पीएफच्या हिशोबात वेगळ्या करपात्र खात्यात जाते आणि तिच्यावरचं व्याज दरवर्षी रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, त्याचा आहे.

मेल असा लिहा

पेरोलच्या माणसाला एका वाचनात कळलं पाहिजे. साधारण असा मजकूर पुरतो:

"नमस्कार मॅडम, माझा एम्प्लॉयी कोड अमुक. सध्या माझा पीएफ पूर्ण बेसिकवर 12 टक्के, म्हणजे 4,800 कापला जातो. यात बदल नको. याव्यतिरिक्त मे महिन्याच्या पगारापासून दरमहा 15,500 रुपये व्हीपीएफ सुरू करायचा आहे. कृपया चार गोष्टी कळवाल का? व्हीपीएफ ठरावीक रकमेत घेता येतो की फक्त टक्क्यांत? मे महिन्यासाठी शेवटची तारीख कोणती? वर्षाच्या मध्ये रक्कम बदलता किंवा बंद करता येते का? आणि बिनपगारी रजा झाली तर त्या महिन्यात कपात कशी होते?"

"यात बदल नको" आणि "याव्यतिरिक्त" हे शब्द गाळू नका. "माझा पीएफ 20 टक्के करा" असं लिहिलं की एक जण ते 12 आणि वर 8 असं वाचतो, दुसरा 12 आणि वर 20 असं. 40,000 बेसिकवर हा महिन्याला 4,800 रुपयांचा फरक आहे, आणि तो कळतो पगार झाल्यावर.

वर्षाच्या मध्ये बदल करू देणं न देणं हे कंपनीच्या धोरणावर असतं. बऱ्याच ठिकाणी एप्रिलमध्ये आणि कधी कधी ऑक्टोबरमध्ये अशी खिडकी उघडते. हे उत्तर लेखी घ्या. ऐन दिवाळीत पैसे लागतील तेव्हा तोंडी उत्तर कामाला येत नाही.

व्याज कधी जमा होणार, क्लेम का अडकला, व्याजावर टीडीएस का कापला, असे प्रश्न या मेलमध्ये घालू नका. ते पैसे पीएफ कार्यालयाकडे असतात आणि टीडीएसही तेच कापतात. आमच्याकडे त्याचा आकडाच नसतो. करपात्र व्याज फॉर्म 16 मध्येही सापडणार नाही. ते तुम्हालाच इतर उत्पन्नात धरायचं असतं.

पहिल्या महिन्यानंतर दोन ठिकाणी तपासा

मेची पेस्लिप आली की त्यात पीएफ आणि व्हीपीएफ अशा दोन वेगळ्या ओळी दिसल्या पाहिजेत: 4,800 आणि 15,500. एकाच ओळीत 20,300 दिसले तर विचारा. नुसती छपाईची पद्धत असू शकते, पण कोणीतरी तुमचा मूळ टक्काच बदलून ठेवलेला असू शकतो. मग पुढच्या इन्क्रिमेंटला सगळीच रक्कम वाढेल.

मेचा पीएफ कंपनीनं 15 जूनपर्यंत भरायचा असतो. त्यानंतर काही दिवसांनी `passbook.epfindia.gov.in` वर किंवा उमंग ॲपमध्ये पासबुक उघडा. इथे व्हीपीएफचा वेगळा रकाना शोधत बसू नका, तो नाहीच. कंपनी जी मासिक फाईल भरते तिच्यातही व्हीपीएफ कर्मचाऱ्याच्या हिश्श्यातच मिसळून जातो. म्हणून कर्मचारी हिश्श्यात 20,300 दिसायला हवेत. कंपनीच्या हिश्श्यात 3,550 आणि पेन्शनमध्ये 1,250, मिळून 4,800. पेन्शनच्या रकान्यात शून्य आणि कंपनीच्या हिश्श्यात पूर्ण 4,800 असतील तर लगेच तक्रार करू नका: सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेल्या आणि तेव्हाच 15,000 च्या वर पगार असलेल्या माणसाला पेन्शन योजना लागू होत नाही.

पेस्लिपमध्ये कपात आहे पण पासबुकात फक्त 4,800 आहेत, असं दिसलं तर त्याच महिन्याची पेस्लिप आणि पासबुकाचं पान जोडून पेरोलला पाठवा. सदस्य क्रमांकही लिहा. पुण्यात नोंदलेल्या आस्थापनांचा तो बहुधा `PUPUN` नं सुरू होतो. एकाहून जास्त नोकऱ्या झालेल्यांच्या पासबुकात दोन-तीन सदस्य क्रमांक असतात आणि बरेचदा माणूस जुन्याच क्रमांकाचं पासबुक उघडून घाबरलेला असतो.

नोकरी बदलली तर यूएएन तोच राहतो, व्हीपीएफची सूचना मात्र जुन्या कंपनीतच संपते. नव्या पेरोलला पुन्हा कळवावं लागतं. 2.5 लाखांची मोजणी दोन्ही कंपन्या मिळून होते, आणि जुन्या कंपनीत किती कापलं गेलं हे नव्या पेरोलला दिसत नाही. तेव्हा नवी रक्कम सांगण्याआधी जुन्या कंपनीच्या पेस्लिपांवरची पीएफ आणि व्हीपीएफची एप्रिलपासूनची बेरीज करून घ्या.