उन्हात तापलेली गाडी लवकर थंड कशी करावी, आणि काचा उघड्या ठेवाव्यात की एसी लावावा

उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं दार उघडलं की पहिला झोत तोंडावर येतो तो हवेचा, त्यामुळे आपण धरून चालतो की उष्णता हवेत आहे. मग काचा बंद, एसी फुल, आणि गाडी जागेवरच चालू ठेवून थांबायचं. यात वेळही जातो आणि इंधनही, कारण खरी उष्णता हवेत नसतेच. ती डॅशबोर्डात, सीटमध्ये, स्टिअरिंगमध्ये आणि दारांच्या आतल्या अस्तरात साठलेली असते.

एक उदाहरण घेऊ. बाहेर ३८ अंश आहे, गाडी तीन तास उन्हात उभी होती आणि आतली हवा ५८ अंशांवर गेली आहे. मध्यम आकाराच्या गाडीत सुमारे तीन घनमीटर हवा मावते. ऐकायला पुष्कळ वाटते, पण तिचं वजन जेमतेम सव्वातीन किलो. ही हवा ५८ वरून ३८ वर आणायला साधारण ६५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, आणि पूर्ण जोरात चालणारा गाडीचा एसी तेवढी पंधरा-वीस सेकंदांत काढू शकतो. आता सीट आणि प्लॅस्टिकचा विचार करा. सूर्यप्रकाश थेट झेलणारे आणि तापलेले भाग मिळून शंभर किलो धरले आणि ते सरासरी २५ अंशांनी थंड करायचे म्हटले, तर ३,००० किलोज्यूलच्या वर काम होतं. हवेच्या जवळजवळ पन्नासपट. तोच एसी यासाठी दहा-बारा मिनिटं घेईल.

पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबातून निघतात. हवा फुकटात आणि क्षणात बदलता येते, म्हणून ती आधी बाहेर काढायची. सीट-डॅशबोर्डाची उष्णता वेळ घेऊनच जाते, म्हणून ती गाडी चालत असताना घालवायची, उभी असताना नाही.

आधी हवा बाहेर काढा (अर्धा मिनिट)

चालकाच्या विरुद्ध बाजूची, म्हणजे डाव्या हाताला चालकाची सीट असेल तर उजवीकडची आणि उजव्या हाताला असेल तर डावीकडची, एक काच पूर्ण खाली करा. बाकीच्या बंद असू द्या. मग चालकाचं दार पाच-सहा वेळा उघडा आणि बंद करा. आपटायचं नाही, पूर्ण लावायचंही नाही. पंख्यासारखं संथपणे पुढे-मागे हलवायचं. दार बाहेर ओढलं की आतली हवा त्याच्यामागे खेचली जाते आणि तिच्या जागी त्या उघड्या काचेतून बाहेरची हवा आत येते. इतक्यानेच आतली हवा बाहेरच्या तापमानाच्या बरीच जवळ येते. शेजारी दुसरी गाडी खेटून उभी असेल आणि दार हलवायला जागा नसेल, तर चारही दारं किंवा काचा मिनिटभर उघड्या ठेवा. वारा असेल तर तेवढ्यानेही काम होतं.

फक्त एवढं करून थांबलात, तर दोन-तीन मिनिटांत गाडी पुन्हा तापलेली वाटेल. यात दार हलवण्याची चूक नाही. तापलेल्या सीट नव्या हवेला पुन्हा गरम करतात, इतकंच.

ज्याला हात लागणार आहे ते पुसा

पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं स्टिअरिंग, गिअरची मूठ आणि सीटवरून फिरवा. पाण्याचं बाष्पीभवन होताना ते भरपूर उष्णता घेऊन जातं. दोन चमचे पाणी, म्हणजे दहा-बारा ग्रॅम, वाफ होताना पंचवीसएक किलोज्यूल ओढून नेतं. काच उघडी असतानाच हे करायचं, म्हणजे वाफ बाहेर जाते. बंद गाडीत पाण्याचे फवारे मारले तर ती दमट हवा सुकवण्याचं जादा काम एसीलाच करावं लागतं. सीटबेल्टच्या धातूच्या बकलाला हात लावण्याआधी नीट पाहा, आणि मागे लहान मूल बसणार असेल तर त्याच्या आसनाचं बकल स्वतःच्या मनगटावर टेकवून बघा. मुलांची कातडी लवकर भाजते.

गाडी हलवा, मग एसी

इंजिन सुरू करा, सगळ्या काचा खाली ठेवा, ब्लोअर पूर्ण जोरात आणि एसी चालू करा, हवेचं बटण बाहेरच्या हवेवर ठेवा आणि निघा. इथे बहुतेक जण उलट करतात: आधी उभ्या गाडीत एसी. पण उभ्या गाडीत इंजिन मंद फिरतं, आणि कॉम्प्रेसर पट्ट्याने इंजिनालाच जोडलेला असल्यामुळे तोही मंद फिरतो. शिवाय पुढच्या जाळीमागे असलेल्या कंडेन्सरला वाऱ्याचा झोत मिळत नाही. फक्त पंख्याच्या भरवशावर त्याला उष्णता टाकावी लागते. म्हणजे सर्वांत जास्त गारवा हवा असतो तेव्हाच एसी सर्वांत कमी देत असतो. लहान पेट्रोल इंजिन नुसतं उभं राहून तासाला साधारण अर्धा ते एक लिटर इंधन पितं, एसी चालू असेल तर आणखी. त्या बदल्यात एक किलोमीटरही पुढे जात नाही.

अर्ध्या-एका मिनिटानंतर व्हेंटमधून येणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा थंड लागू लागली की काचा वर करा. आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा थंड झाली की आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबा. हा क्रम महत्त्वाचा आहे. सुरुवातीलाच ते बटण दाबलंत, तर एसी ५८ अंशांची हवा पुन्हा पुन्हा ओढत बसतो, जेव्हा बाहेर ३८ अंशांची हवा उपलब्ध असते. नंतर मात्र उलटं: आतली हवा २८ अंशांची झाली असेल तर बाहेरची ३८ अंशांची ओढणं वाया. लांबच्या प्रवासात, विशेषतः चार-पाच जण असताना, दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडा वेळ बाहेरची हवा घ्या. बंद केबिनमध्ये कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि चालकाला जडपणा येतो.

गारवा आल्यावर ब्लोअर कमी करा. जुन्या हाताने चालवायच्या एसीत तापमानाची मूठ गरम बाजूला फिरवली, तर अनेक गाड्यांत आधी थंड केलेल्या हवेत हीटरची हवा मिसळली जाते, म्हणजे कॉम्प्रेसरचं काम तेवढंच राहतं. ब्लोअर मंद केला की हवा कमी, काम कमी, आणि कॉम्प्रेसर अधूनमधून बंद होतो.

दहा मिनिटं चालवूनही व्हेंटमधली हवा कोमट असेल तर एक गोष्ट पाहा. गाडी चालताना गारवा येतो आणि सिग्नलला थांबल्यावर जातो, असं होत असेल तर कंडेन्सरचा पंखा किंवा धुळीने, किड्यांनी भरलेली जाळी पहिली तपासा. गॅस कमी असेल तरी हे चित्र दिसू शकतं. हवा थंड आहे पण झोतच क्षीण आहे, तर बहुधा केबिनचा फिल्टर तुंबला आहे, आणि तो बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागून घरीच काढता येतो.

आता काचा की एसी

याचं उत्तर एका आकड्यात मागितलं जातं: साठच्या वर एसी, साठच्या खाली काचा. हा आकडा मला पटत नाही, आणि का ते गणितानेच दिसतं.

एसीचा खर्च तासावर मोजला जातो. स्थिर झाल्यावर कॉम्प्रेसर सुमारे दीड किलोवॉट घेतो, गाडी ४० ने जावो की १०० ने. इंधनात हे तासाला साधारण अर्धा लिटर. म्हणून ४० च्या वेगाने शंभर किलोमीटर जायला अडीच तास लागतात आणि एसीसाठी जवळजवळ सव्वा लिटर जातं. १०० च्या वेगाने तेच अंतर तासात संपतं आणि अर्ध्या लिटरवर भागतं.

काचांचा खर्च मात्र वेगावर. उघड्या काचांमुळे हवा आत शिरून घोळते आणि गाडीला होणारा विरोध वाढतो. हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद घनाने. वेग दुप्पट, ताकद आठपट. सर्वसाधारण सेडानला ४० च्या वेगाने हवा कापायला अर्ध्या किलोवॉटच्या थोडं वर लागतं. काचांनी त्यात दहा टक्के वाढ झाली असं धरा, तर ते पन्नास-साठ वॉट होतात, एका जुन्या बल्बइतके. इथे काचांनी होणारं नुकसान विसरून जा. तोच हिशेब १०० च्या वेगाला केला तर हवा कापायलाच जवळजवळ नऊ किलोवॉट लागतात. दहा टक्क्यांची वाढ धरली तर उघड्या काचांमुळे ०.९ किलोवॉट, वीस टक्के धरली तर १.८.

म्हणजे दहा टक्के वाढ सोसणाऱ्या गाडीत काचा आणि दीड किलोवॉटचा एसी समान होतात ताशी १२० किलोमीटरच्या आसपास. काचा उघडल्यावर प्रवाह जास्त बिघडतो अशा सपाट, निमुळत्या गाडीत वीस टक्के धरले तर ९५ च्या आसपास. दिवस फार तापलेला नसेल आणि एसीला फक्त ०.८ किलोवॉट लागत असतील, तर ती रेषा ८० च्याही थोडी खाली येते. एसयूव्हीसारख्या चौकोनी गाडीत मुळातच विरोध मोठा असतो, त्यामुळे काचांनी वाढणारा वाटा तुलनेने कमी आणि रेषा आणखी वर सरकते.

त्यामुळे मी असं करतो: ६० पर्यंत काचा बिनधास्त उघड्या, अगदी चारही. ६० ते ८० मध्ये वारा सोसवत असेल तर उघड्या, नसेल तर एसी, जरी इंधनाचा हिशेब तेव्हा काचांच्याच बाजूने असला. ८० च्या वर एसी. इंधनाचा हिशेब तिथेही बहुधा काचांच्या बाजूने असतो, पण तेवढ्या वेगाला आवाजाने मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही आणि चालक थकतो. फक्त मागची एकच काच उघडली तर कानात धडधड बसते. समोरची एखादी काच जराशी खाली केली की ती थांबते.

तापलेल्या गाडीला हाच हिशेब लावला तर पहिल्या मिनिटांचं उत्तर पक्कं होतं. तेव्हा एसी दीड नव्हे, तीन किलोवॉट किंवा त्याहून जास्त मागत असतो, आणि आपण पार्किंगमधून निघून गल्लीबोळांत २०-३० ने जात असतो. काचा उघड्या ठेवण्याचा खर्च तेव्हा जवळजवळ शून्य. इलेक्ट्रिक गाडीत हाच एसी वीज बॅटरीतून घेतो, म्हणून ती चार्जरला जोडलेली असतानाच निघण्याआधी पाच-दहा मिनिटं थंड करून घ्या. ती वीज भिंतीतून येते, रेंजमधून नाही.

गाडी लावताना जमलं तर पुढची मोठी काच सूर्यापासून फिरवून ठेवा. नाहीच जमलं तर आतून पांढरा किंवा चकचकीत पडदा लावा, म्हणजे डॅशबोर्डावर थेट ऊन पडत नाही. काच बोटभर उघडी ठेवण्याने मात्र आतलं तापमान थोडंच कमी होतं, आणि त्या भरवशावर मूल किंवा जनावर गाडीत दोन मिनिटंही सोडू नका.