आठ आठवड्यांत ॲनाटॉमीची रिव्हिजन: ग्रॉस, हिस्टो आणि एम्ब्रियो एकत्र कसं करायचं

फर्स्ट इयरला आपण सगळे साधारण एकच करतो, आधी ग्रॉस पूर्ण संपवायचं, हिस्टो जर्नल बघून होईल म्हणून बाजूला ठेवायचं आणि एम्ब्रियो शेवटच्या पाच दिवसांत घाईघाईत वाचायचं. मीही तेच केलं होतं. पहिल्या व्हायव्हाला मॅडमनी जिभेचा नर्व्ह सप्लाय विचारला, मी पाचही नर्व्ह धडाधड सांगितल्या, मग त्यांनी एवढंच विचारलं की एका जिभेला पाच नर्व्ह कशाला लागतात, आणि मी गप्प. उत्तर एम्ब्रियोच्या वहीत होतं आणि ती वही मी उघडलीच नव्हती.

तेव्हापासून मी ज्युनियर्सना एकच सांगतो, तीन विषय करू नका, एक अवयव घ्या आणि तो तिन्ही बाजूंनी त्याच दिवशी संपवा. खालचा प्लॅन त्याच हिशोबाने आहे. कॉलेज चालू असताना संध्याकाळचे साडेतीन तास मिळतात असं धरलंय, कमी मिळत असतील तर टॉपिक कमी करा पण तिन्हीपैकी एक वगळू नका.

रोजचे साडेतीन तास

सुरुवात एम्ब्रियोने करायची, पाऊण तास. हे उलटं वाटतं कारण कॉलेजमध्ये ते नंतर शिकवतात, पण अवयव कुठून आला आणि कुठे सरकला हे आधी डोक्यात असलं की त्याच्या नर्व्ह आणि आर्टरी पाठ कराव्या लागत नाहीत, बऱ्याचशा ओळखता येतात. मग पावणेदोन तास ग्रॉस, जमेल तेव्हा हातात बोन घेऊन किंवा डिसेक्शन हॉलमध्ये बॉडीवर. मग अर्धा तास हिस्टो, एच अँड ई पेन्सिली घेऊन, पुस्तकात न बघता. आणि शेवटचा अर्धा तास कोऱ्या कागदाचा, म्हणजे सगळं बंद करून आजचा अवयव एका पानावर काढायचा, डायग्राम, नर्व्ह, आर्टरी, स्लाइडचे तीन पॉइंट, आणि मग पुस्तक उघडून जे चुकलं ते लाल पेनने एका वेगळ्या छोट्या वहीत लिहायचं. ही लाल वही पुढे आठव्या आठवड्यात लागणार आहे.

कोऱ्या कागदाचा अर्धा तास कोणालाच आवडत नाही, कारण वाचताना सगळं येतंय असं वाटत असतं आणि कागदावर काहीच उतरत नाही. पण परीक्षेतही कागद कोराच असतो. आकृती बघून नाव सांगता येतं पण आकृती काढता येत नाही, असं झालं तर तो टॉपिक अजून झालेला नाही असं समजायचं.

एक दिवस कसा जातो: जीभ

नुसतं सांगून कळत नाही म्हणून जिभेचाच दिवस पूर्ण सांगतो.

आधी एम्ब्रियो. पुढचा दोन तृतीयांश भाग पहिल्या फॅरिंजियल आर्चच्या दोन लॅटरल लिंग्वल स्वेलिंग्जपासून येतो, मागचा एक तृतीयांश तिसऱ्या आर्चपासून, अगदी मागचा एपिग्लॉटिसजवळचा भाग चौथ्यापासून, आणि आतले मसल्स आर्चमधून येतच नाहीत, ते ऑक्सिपिटल मायोटोममधून सरकत येतात. दुसरा आर्च तिसऱ्याखाली झाकला जातो. हे चार रंगांत एकदा काढा, दहा मिनिटं लागतात.

आता ग्रॉसला या. पहिल्या आर्चची नर्व्ह मँडिब्युलर, म्हणून पुढच्या भागाचं जनरल सेन्सेशन तिच्या लिंग्वल ब्रँचकडे. तिसऱ्या आर्चची ग्लॉसोफॅरिंजियल, म्हणून मागच्या भागाचं सेन्सेशन आणि टेस्ट दोन्ही तिच्याकडे. चौथ्याची व्हेगस, म्हणून अगदी मागे इंटर्नल लॅरिंजियल. मसल्स ऑक्सिपिटल मायोटोमचे म्हणून हायपोग्लॉसल, फक्त पॅलॅटोग्लॉसस सोडून, तो व्हेगसकडून फॅरिंजियल प्लेक्ससमधून सप्लाय घेतो. वेगळी लक्षात ठेवायची उरली फक्त कॉर्डा टिंपॅनी, फेशियलची ब्रँच, जी लिंग्वलसोबत येऊन पुढच्या भागाची टेस्ट घेते. पाठांतराच्या पाच गोष्टींच्या दोन झाल्या, पॅलॅटोग्लॉसस आणि कॉर्डा टिंपॅनी.

मग स्लाइड. लो पॉवरवर पहिली खूण म्हणजे स्केलेटल मसलचे फायबर तिन्ही दिशांना कापलेले दिसतात, काही लांब, काही गोल, आणि वरच्या पृष्ठभागावर पॅपिली. टोकदार फिलिफॉर्म सगळ्यात जास्त, त्यांच्यावर केराटिन आणि टेस्ट बड नाहीत. सर्कमव्हॅलेट मोठ्या, भोवती खंदकासारखी खाच, खाचेच्या भिंतीत टेस्ट बड आणि तळाशी सिरस ग्लँड्स उघडतात. इथेच परत एम्ब्रियो येतं. सर्कमव्हॅलेट पॅपिली सल्कस टर्मिनॅलिसच्या पुढे असतात, म्हणजे दिसायला पुढच्या भागात, तरी त्यांची टेस्ट ग्लॉसोफॅरिंजियल घेते, कारण तिसऱ्या आर्चचं म्युकोसा थोडं पुढे सरकलेलं असतं. हा व्हायव्हाचा अगदी लाडका प्रश्न आहे आणि तिन्ही गोष्टी एकाच दिवशी केल्या असतील तर तो आपोआप सुटतो.

शेवटी क्लिनिकलचं एक वाक्य लिहायचं, म्हणजे हायपोग्लॉसलला इजा झाली तर जीभ बाहेर काढल्यावर इजेच्या बाजूला वळते. झालं, कोरा कागद घ्या.

कोणत्या आठवड्यात काय

पहिला आठवडा जनरलचा, आणि इथेच सगळे घाई करतात. फर्टिलायझेशनपासून चौथ्या आठवड्यातल्या फोल्डिंगपर्यंतचं जनरल एम्ब्रियो आणि सोबत एपिथेलियम, कार्टिलेज, बोन, मसल, व्हेसल्स, लिंफॉइड टिश्यू एवढंच. लिंफॉइडच्या चार स्लाइड एकाच दिवशी शेजारी शेजारी काढा, कारण गोंधळ तिथेच होतो. लिंफ नोडला कॅप्सूलखाली सबकॅप्सुलर सायनस असतो, स्प्लीनमध्ये व्हाइट पल्पमध्ये एका बाजूला सरकलेली छोटी आर्टेरिओल असते, थायमसमध्ये हॅसल कॉर्पसल, आणि टॉन्सिलला वर एपिथेलियम आणि क्रिप्ट.

दुसऱ्या आठवड्यात दोन्ही लिंब. इथे एम्ब्रियो थोडंच आहे पण एक गोष्ट सोडू नका, अपर लिंब बड बाहेरच्या बाजूला फिरतं आणि लोअर आतल्या बाजूला, म्हणून कोपर मागे आणि गुडघा पुढे. मसल्सचे अगदी बारीक अटॅचमेंट वेळ नसेल तर सोडले तरी चालतील, नर्व्ह सप्लाय आणि ॲक्शन मात्र नाही.

तिसरा थोरॅक्स. हार्टचे सेप्टम आणि ॲओर्टिक आर्च यांनाच दोन दिवस द्या. उजवी रिकरंट लॅरिंजियल सबक्लेव्हियनला वळसा घालते आणि डावी लिगामेंटम आर्टेरिओसमजवळ ॲओर्टाच्या आर्चला, हे का होतं ते उजव्या बाजूचा सहावा आर्च कसा नाहीसा होतो त्यावरून कळतं.

चौथा आठवडा ॲबडोमेन, माझ्या मते सगळ्या आठवड्यांत हाच जास्तीत जास्त परतावा देतो. फोरगट, मिडगट, हाइंडगट असे तीन कॉलम आखा आणि प्रत्येकाखाली आर्टरी, दुखण्याची जागा, स्लाइड लिहीत जा. सीलियाक, सुपीरियर मेसेंटेरिक, इन्फीरियर मेसेंटेरिक. अपेंडिक्स मिडगटचं म्हणून त्याचं दुखणं सुरुवातीला बेंबीभोवती जाणवतं. गटचं रोटेशन कागदावर नका करू, एक दोरी घ्या आणि सुपीरियर मेसेंटेरिक आर्टरीला आस धरून अँटीक्लॉकवाइज 270 अंश फिरवून बघा, आधी 90 बाहेर असताना आणि मग 180 आत परत येताना, ट्रान्सव्हर्स कोलन ड्युओडिनमच्या पुढे कसं येतं ते हातातच दिसतं. स्लाइडमध्ये ड्युओडिनमच्या सबम्युकोसातल्या ब्रुनर ग्लँड्स आणि इलियमचे पेयर पॅच एवढं शोधता आलं की निम्मं काम झालं.

पाचवा पेल्व्हिस, पेरिनियम आणि किडनी. नेफ्रॉन मेटॅनेफ्रिक ब्लास्टेमातून आणि कलेक्टिंग ट्यूब युरेटेरिक बडमधून, ही सीमारेषा स्लाइडच्या आकृतीतच दुसऱ्या रंगाने काढा.

सहावा आणि सातवा हेड नेक आणि न्यूरो. हे दोन आठवड्यांत मावत नाही असं प्रत्येकाला वाटतं. फॅरिंजियल आर्चचा एक मोठा तक्ता पहिल्याच दिवशी भिंतीला लावला तर बरंचसं मावतं, कारण चेहरा, जॉ, कान, लॅरिंक्स, थायरॉइड सगळं त्याच तक्त्यातून निघतं. न्यूरोसाठी शेवटचे पाच दिवस, ब्रेनस्टेमचे सेक्शन रोज एक काढून.

कुठे फसतं

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तुम्ही अजून लिंबवरच असाल तर मागचं पूर्ण करत बसू नका. उरलेलं लाल वहीत टाका आणि ठरलेल्या दिवशी पुढच्या भागावर जा, नाहीतर शेवटी हेड नेक तीन दिवसांत करायची वेळ येते आणि तिथे खूप मार्क असतात.

दुसरं म्हणजे हिस्टो फक्त पुस्तकातल्या फोटोवर करणं. फोटो नेहमी चांगल्या जागेचा असतो, लॅबच्या स्लाइडमध्ये फाटलेले, तिरके कापलेले, फिके झालेले भाग असतात. आठवड्यातून एकदा लॅबमध्ये जाऊन स्लाइड आधी नुसत्या डोळ्यांनी उजेडात धरून बघा, मग लो पॉवरवर, मग हाय. पॅरोटिड आणि पॅनक्रिया दोन्ही सिरस, हाय पॉवरवर थेट गेलात तर सारखेच वाटतात, लो पॉवरवर मात्र पॅनक्रियामध्ये आयलेटचे फिके ठिपके दिसतात, आणि पॅरोटिडमध्ये फॅट सेल्स आणि गुलाबी स्ट्रायेटेड डक्ट.

रविवारी नवीन काही नाही, दुपारी तीन तासांचा जुना पेपर लिहायचा, संध्याकाळी पार्टनरसोबत एकमेकांची व्हायव्हा.

आठवा आठवडा

आता रिजन सोडा आणि सगळं मिसळा. कोणाला तरी वीस स्पॉटर मांडायला सांगा, बोन, स्लाइड, एक्सरे, एम्ब्रियोचं मॉडेल असे कसेही, प्रत्येकी एक मिनिट आणि मोबाइलवर अलार्म. पहिल्या दिवशी वेळ पुरत नाही, तिसऱ्या दिवसापर्यंत हात बसतो. प्रत्येक स्पॉटरवर नाव लिहिल्यावर लगेच ओळखायच्या दोन खुणा लिहा, नावाला मार्क असतात तसे खुणांनाही असतात. पेपर एक आणि दोनमध्ये कोणते रिजन येतात ते आपल्या युनिव्हर्सिटीच्या सिलॅबसवरून आधीच बघून ठेवा आणि शेवटचे चार दिवस त्याच क्रमाने लावा.

पेपरच्या आदल्या रात्री पुस्तक नाही, फक्त लाल वही. जे पान बघून उत्तर लगेच येतं त्यावर फुली मारत जा, आणि फुली न पडलेली पानं सकाळी बसमध्ये किंवा हॉस्टेलपासून हॉलपर्यंत चालताना एकदा बघा.