गृहकर्जाचा हप्ता काढताना या चुका टाळा: वर्षभर भरूनही मुद्दल का हलत नाही

लातूरला घर बांधायला 25 लाखांचं कर्ज घेतलं, दर 9 टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता बसला 22,493 रुपये. वर्षभर एकही हप्ता न चुकवता सुमारे 2 लाख 70 हजार भरले. मग स्टेटमेंट काढलं तर मुद्दल फक्त 46,818 रुपयांनी कमी झालेलं. उरलेले सव्वादोन लाखांच्या आसपास व्याजात गेले. इथं बहुतेकांना वाटतं की बँकेनं काहीतरी घोळ घातला. हिशोब मात्र बरोबर असतो. चूक होते ती आपण तो ज्या पद्धतीनं मांडतो त्यात.

चूक 1: पूर्ण रकमेवर पूर्ण मुदतीचं व्याज लावणं

25 लाखांवर 9 टक्क्यांनी वर्षाचे सव्वादोन लाख, 20 वर्षांचे 45 लाख. त्यात मुद्दल मिळवलं की 70 लाख, भागिले 240 महिने, म्हणजे हप्ता 29,167. हा झाला फ्लॅट रेटचा हिशोब. वाहनकर्जाच्या बोलण्यात तो सर्रास ऐकू येतो, म्हणून तोच डोक्यात बसलेला असतो. गृहकर्जात व्याज लागतं ते त्या त्या महिन्याच्या शिल्लक मुद्दलावरच. म्हणून खरा हप्ता 22,493 येतो आणि 20 वर्षांत एकूण व्याज 29 लाखांच्या आत राहतं. कुणी "आमचा दर साडेपाचच टक्के" म्हणालं तर पहिला प्रश्न हाच विचारा: फ्लॅट की शिल्लक रकमेवर?

आपल्याकडच्या शेकड्याच्या भाषेत सांगायचं तर वर्षाला 9 टक्के म्हणजे महिन्याला शेकडा पाऊण रुपया. हे एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं तोंडी पडताळता येतं.

चूक 2: एक्सेलमध्ये वर्ष आणि महिना यांची सरमिसळ

```
=PMT(9%/12, 240, -2500000)
```

दर महिन्याचा, तर मुदतही महिन्यांत. उत्तर सव्वादोन लाखांच्या घरात आलं तर दराला 12 ने भागायचं राहिलंय. 1 लाख 35 हजार आलं तर 240 च्या जागी 20 पडलंय. उत्तर उणे आलं तर रकमेआधीचं उणे चिन्ह सुटलंय, आकडा बरोबरच आहे. संगणक नसेल तर 9 टक्के आणि 20 वर्षांसाठी लाखाला 900 रुपये धरा. 25 लाखांना 22,500 होतात, म्हणजे फरक सात रुपयांचा.

चूक 3: "बँक आधी व्याज वसूल करते" असं समजणं

इथं जरा थांबायला हवं, कारण पुढचे चुकीचे निर्णय या समजातूनच निघतात. पहिल्या महिन्यात 25 लाख पूर्ण शिल्लक आहेत. शेकडा पाऊण रुपयानं व्याज झालं 18,750. हप्त्यातून ते वजा केलं की 3,743 उरतात, तेवढंच मुद्दल फिटतं. दुसऱ्या महिन्यात शिल्लक 24,96,257, व्याज 18,722, मुद्दलात 3,771. व्याज 28 रुपयांनी घटलं, तेच 28 मुद्दलात वाढले. असं दर महिन्याला होत जातं, पण सुरुवातीला अगदी गोगलगाईच्या चालीनं. बँक पुढच्या महिन्यांचं व्याज आगाऊ घेत नाही. शिल्लक मोठी आहे म्हणून व्याज मोठं, एवढंच.

दरमहा समान मुद्दल फेडायचं ठरवलं असतं तर पहिल्या महिन्यात मुद्दलाचे 10,417 आणि व्याजाचे 18,750 मिळून 29,167 भरावे लागले असते. फ्लॅट रेटचाही आकडा हाच आला होता. फरक असा की समान मुद्दलात तो दर महिन्याला उतरत जातो, फ्लॅट रेटमध्ये 20 वर्षं तसाच राहतो. पगारदाराला सुरुवातीला एवढा भार पेलत नाही. हप्ता शेवटपर्यंत सारखा ठेवायचा म्हटलं की सुरुवातीला मुद्दल कमी फिटणारच.

याच कर्जात हप्त्यातलं मुद्दल व्याजापेक्षा जास्त व्हायला 149 वा महिना उजाडतो, म्हणजे तेरावं वर्ष. निम्मं मुद्दल फिटायला 14 वर्षं लागतात. ते कळल्यावर बारा वर्षांनी "आता निम्मं फिटलं असेल" असं धरून कुणी घर विकायचा हिशोब मांडणार नाही.

स्टेटमेंट आणि एक्सेलचे आकडे थोडे जुळत नसतील तर लगेच भांडायला जाऊ नका. बऱ्याच बँका रोजच्या शिलकेवर व्याज काढतात. 25 लाखांवर 31 दिवसांच्या महिन्याचं 19,110 होतं, 28 दिवसांच्या फेब्रुवारीचं 17,260.

चूक 4: जादा पैसे उशिरा किंवा चुकीच्या खात्यात भरणं

सोयाबीन विकून हातात लाखभर आले आणि ते कर्जात भरायचे ठरले. पहिलं वर्ष संपताच एक लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला तर शेवटचे बावीस हप्ते पूर्ण वाचतात, तेविसावाही साधारण निम्मा होतो. व्याजाची बचत चार लाखांच्या आसपास. तेच लाख पंधरा वर्षांनी भरले तर जेमतेम पावणेसात हप्ते सुटतात आणि बचत 53 हजारांच्या आसपास. त्या लाखावर व्याज लागायची वर्षं तेव्हा कमी उरलेली असतात.

पैसे भरताना बँक विचारते, किंवा न विचारताच ठरवते, की हप्ता कमी करायचा की मुदत. पहिल्या वर्षाअखेर लाख भरून हप्ता कमी करून घेतला तर तो महिन्याला 917 रुपयांनी उतरतो आणि एकूण व्याज साधारण एक लाख नऊ हजारांनीच वाचतं. पावसावर अवलंबून असलेल्या घराला तो दिलासाही कामाचा असू शकतो, पण तो घेतोय हे माहीत असायला हवं. मुदत कमी करायची असेल तर अर्जात स्पष्ट लिहा: "सदर रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी." पोच घ्या आणि परतफेडीचं नवं वेळापत्रक मागा.

हा अर्ज न देता पैसे नुसते कर्जखात्यावर टाकले तर ते कधी कधी आगाऊ हप्ते म्हणून पडून राहतात. ओळखायची खूण सोपी आहे: 9 टक्क्यांना लाख मुद्दलात गेले तर पुढच्या पूर्ण महिन्याचं व्याज सुमारे 750 रुपयांनी जास्त उतरलं पाहिजे. उतरलं नसेल तर त्याच आठवड्यात शाखेत जा. फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर असं भरण्याला दंड लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, त्यामुळे "चार्ज लागेल" या धाकानं थांबू नका.

चूक 5: दर वाढला तरी हप्ता तोच, म्हणून निर्धास्त राहणं

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो, 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला आणि त्यामागोमाग गृहकर्जाचे दरही चढले. अशा वेळी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली जाते. वरच्याच कर्जात एका वर्षानंतर दर 9 चा 10 झाला आणि हप्ता हलला नाही, तर उरलेले 228 महिने 289 होतात, म्हणजे पाच वर्षं वाढली. कारण पहिल्या वर्षानंतरच्या 24,53,182 शिलकेवर महिन्याचं व्याजच 20,443 होतं आणि मुद्दलाला दोन हजारच उरतात. ऑगस्ट 2023 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो. दर बदलल्याचा मेसेज आला की शिल्लक हप्त्यांची संख्या स्टेटमेंटवर तपासा. हप्ता दीड-दोन हजारांनी वाढवणं जमत असेल तर तसा अर्ज त्याच महिन्यात द्या.