ओलाव्याची यादी आणि रोजची कॅनरी नोंद

यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी माहिती-व्यवस्थेचे काम पाहतो. कापसाच्या हंगामात आमच्या प्रत्येक खरेदी केंद्रावरून दिवसभराच्या काटापावत्यांची फाइल रात्री मुख्य कार्यालयात येते, आणि पहाटे चार वाजता क्रॉनने सुरू होणारी एक प्रक्रिया त्या सर्व पावत्या तपासते. हमीभावाच्या खरेदीत आठ टक्क्यांपर्यंत ओलावा पूर्ण दराने चालतो, आठ ते बारा टक्क्यांपर्यंत दरात कपात होते आणि बाराच्या वर कापूस घेतला जात नाही. म्हणून ज्या पावतीवर ओलावा बाराहून जास्त नोंदला आहे, तिचा क्रमांक सकाळी त्या केंद्राच्या प्रमुखाला एसएमएसने जातो. तशी पावती नसेल तर एसएमएस जात नाही.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी सर्वांत आधी या शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्यावे. एका केंद्रप्रमुखाने मला हंगामाच्या ऐन मध्यावर फोनवर विचारले होते, "साहेब, आज मेसेज नाही आला, म्हणजे सगळं बरोबर हाय न?" त्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हते. सर्व पावत्या निर्दोष असल्या तरी एसएमएस येत नाही, आणि रात्री वीज जाऊन संगणक बंद पडला तरीही येत नाही. साधे क्रॉन तर बंद काळात चुकलेले काम संगणक सुरू झाल्यावर आपणहून करत नाही, त्यामुळे त्या दिवसाची तपासणी कोणताही गाजावाजा न होता राहून जाते.

यावरचा उपाय म्हणजे कॅनरी नोंद, म्हणजेच मुद्दाम सदोष बनवलेली अशी एक पावती, जिचा क्रमांक रोज सदोष पावत्यांच्या यादीत आलाच पाहिजे. आम्ही केंद्रांच्या यादीत `CNR` नावाचे एक राखीव केंद्र घातले. त्या केंद्राची फाइल खऱ्या केंद्रांप्रमाणेच, त्याच फोल्डरमध्ये, त्याच साच्यात येऊन पडते. तिच्यात केंद्र, पावती क्रमांक, ओलावा आणि क्विंटलमधील वजन अशा दोन ओळी असतात.

```
CNR,KNR-20250114-A,12.1,1
CNR,KNR-20250114-B,12.0,1
```

पहिली पावती पकडली गेलीच पाहिजे आणि दुसरी कधीही पकडली जाता कामा नये. कॅनरीचा ओलावा वीस टक्के ठेवण्याचा मोह होतो, पण तशी नोंद फारच थोडे सिद्ध करते. उद्या कोणी मर्यादा बाराऐवजी तेरा लिहिली, तरी वीस टक्क्यांची पावती पकडली जाईल आणि साडेबारा टक्क्यांच्या खऱ्या पावत्या सुटतील. म्हणून दोन्ही नोंदी मर्यादेच्या अगदी लगत, एक अलीकडे आणि एक पलीकडे, ठेवाव्यात. "पेक्षा जास्त"च्या जागी "तितका किंवा जास्त" अशी तुलना लिहिली गेली, तर `B` पावती लगेच यादीत दिसते.

क्रमांकात त्या दिवसाची तारीख असणे अनिवार्य आहे. तारीख नसेल तर कालचाच अहवाल पुन्हा पाठवणारी बिघडलेली प्रक्रियाही परीक्षेत उत्तीर्ण होते. इथे वेळेचा एक बारकावा आहे. भाड्याचे सर्व्हर बहुधा यूटीसी वेळेवर चालतात, आणि आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजेपर्यंत यूटीसीची तारीख आदल्या दिवसाचीच असते. पावणेचारला तयार होणाऱ्या फाइलवर कालची तारीख पडली आणि साडेसहाला तपासणाऱ्याने आजची शोधली, तर रोज खोटी हाकाटी होते, आणि काही दिवसांत लोक खऱ्या हाकाटीकडेही पाहणे सोडतात. त्यासाठी दोन्ही ठिकाणी भारतीय वेळ स्पष्ट लिहावी.

राखीव केंद्राचा प्रमुख म्हणून आम्ही कार्यालयातील एका वेगळ्या मोबाइलचा क्रमांक नोंदवला आहे. त्यावर आलेला प्रत्येक एसएमएस दिवसागणिक एका फाइलमध्ये उतरतो, आणि प्रक्रियेशी संबंध नसलेल्या दुसऱ्या यंत्रावर साडेसहाला ही तपासणी चालते.

```
d=$(TZ=Asia/Kolkata date +%Y%m%d)
grep -q "KNR-$d-A" aalela.txt &&
! grep -q "KNR-$d-B" aalela.txt
```

अट पुरी झाली नाही तर मला स्वयंचलित फोन येतो. जो मार्ग तपासायचा, त्याच मार्गाने बिघाडाची सूचना पाठवून उपयोग नसतो, म्हणून इथे एसएमएस वापरलेला नाही.

मोबाइलपर्यंतचा हा शेवटचा टप्पा अनावश्यक वाटू शकतो, म्हणून एक प्रसंग सविस्तर सांगतो. एका सकाळी `A` पावती मोबाइलवर आली नाही. प्रक्रियेचा लॉग पाहिला तर ती वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपली होती, फाइल वाचली गेली होती, `A` पावती सदोष ठरली होती आणि एसएमएस सेवेने संदेश स्वीकारल्याचे उत्तरही दिले होते. लॉगवर विसंबणाऱ्या कोणालाही तो दिवस सुरळीत वाटला असता. शोध घेतल्यावर कळले की आदल्या दिवशी संदेशाच्या मजकुरात "तातडीने" हा एक शब्द वाढवण्यात आला होता. आपल्या देशात व्यावसायिक एसएमएसचा साचा आधी डीएलटी व्यवस्थेत नोंदवावा लागतो, आणि नोंदलेल्या साच्याशी न जुळणारा संदेश दूरसंचार कंपनीच्या पातळीवर अडवला जातो. पाठवणाऱ्या सेवेचे "स्वीकारले" हे उत्तर त्याच्या आधीचे असते. त्या सकाळी दोन केंद्रांच्या खऱ्या सदोष पावत्याही अशाच अडकल्या होत्या. मजकूर पूर्ववत करून ते संदेश पुन्हा पाठवले, आणि चुकारे होण्यापूर्वी त्या पावत्या थांबवता आल्या.

कॅनरी काय सिद्ध करत नाही, हेही नवख्या माणसाला ठाऊक असावे. आमची कॅनरी वेळापत्रक, तपासणीचा नियम आणि एसएमएसचा मार्ग यांची खात्री देते. पांढरकवड्याची फाइल आली की नाही, किंवा तिथल्या प्रमुखाचा नोंदलेला क्रमांक अजून त्यांचाच आहे की नाही, हे ती सांगू शकत नाही. कोणत्या केंद्राची फाइल आली नाही, याची वेगळी यादी करावीच लागते.

हिशेबाबाबत मात्र कमालीची दक्षता लागते. कॅनरीच्या पावत्या चुकाऱ्यात आणि एकूण खरेदीत शिरता कामा नयेत, पण त्यांना तपासणीआधीच वगळले तर तपासणीच होत नाही. म्हणून त्या शेवटी, हिशेबाच्या तक्त्यात जाताना, केंद्राच्या नावावरून वगळल्या जातात. वजन शून्य ठेवले नाही, कारण शून्य वजनाच्या ओळी वाचतानाच गाळल्या जातात आणि मग कॅनरी खऱ्या पावतीच्या वाटेने जात नाही. प्रत्येकी एक क्विंटल ठेवल्याचा आणखी एक लाभ झाला. कोणी कच्च्या नोंदींवरून थेट मासिक अहवाल काढला, तर कॅनरीची फाइल आलेल्या प्रत्येक दिवसामागे बरोबर दोन क्विंटल जास्त दिसतात, आणि तफावतीचे कारण त्या आकड्यावरूनच ओळखता येते.

तपासणाऱ्या यंत्राचीही परीक्षा घ्यावी लागते. त्यासाठी महिन्यातून एकदा, केंद्रप्रमुखांना काही न कळवता, `CNR` ची फाइल मुद्दाम टाकली जात नाही आणि साडेसहानंतर फोन येतो का, हे पाहिले जाते. फोन आला नाही, तर मधल्या काळातील प्रत्येक शांत सकाळ संशयास्पद ठरते आणि त्या दिवसांचे संदेश मोबाइलवर एकेक करून पाहावे लागतात.

हंगाम संपल्यावर केंद्रे बंद होतात, तरी कॅनरीची फाइल आम्ही वर्षभर चालू ठेवतो. एसएमएसची शिल्लक संपणे, पासवर्डची मुदत उलटणे किंवा कार्यालयातील मोबाइलचे रिचार्ज राहून जाणे हे बिघाड बहुधा याच रिकाम्या महिन्यांत होतात, आणि ते पोळ्याच्या सुमारास लक्षात आले तर दिवाळीनंतर पहिली गाडी काट्यावर येईपर्यंत दुरुस्तीला पुरेसा अवधी मिळतो.